द्राक्षगर्भ : रक्तस्राव थांबला तरी तपासणी थांबवू नका

दिवस गेल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात अंगावरून रक्त जाऊ लागले की घरात पहिली शंका येते ती गर्भपाताची. पण हे रक्त काकवीसारखे काळपट तपकिरी असेल आणि त्यात भिजवलेल्या साबुदाण्यासारखे किंवा लहान द्राक्षांसारखे पाणीदार फुगे पडले, तर ते द्राक्षगर्भाचे, म्हणजे मोलर प्रेग्नन्सीचे लक्षण असू शकते. पडलेला भाग टाकून देऊ नये. स्वच्छ डबीत घालून तो सोबत घ्यावा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. फुगे प्रत्येकीला दिसतातच असे नाही. प्रमाणाबाहेर उलट्या, महिन्यांच्या मानाने मोठे पोट, छातीत धडधड किंवा पाच महिन्यांच्या आतच वाढलेला रक्तदाब यांवरूनही शंका घ्यावी लागते.

हे होते ते गर्भधारणेच्या क्षणीच. पूर्ण द्राक्षगर्भात आईकडची गुणसूत्रे हरवलेल्या बीजाचा शुक्राणूशी संयोग होतो. बाळ तयार होत नाही, फक्त वारेची पेशी वाढत राहते आणि तिचे फुगे बनतात. अपूर्ण प्रकारात बहुधा एकाच बीजात दोन शुक्राणू शिरतात. गर्भाचा काही भाग दिसतो, पण तो जगू शकत नाही. यात बाईच्या खाण्यापिण्याचा, कामाचा किंवा प्रवासाचा काही दोष नसतो.

निदान सोनोग्राफी आणि रक्तातील बीटा एचसीजी या तपासणीवरून होते. हे संप्रेरक वारेच्या पेशी तयार करतात, म्हणून द्राक्षगर्भात त्याचा आकडा अनेकदा लाखाच्या वर जातो. उपचार म्हणजे सक्शनने पिशवी रिकामी करणे. रक्तस्राव जोरात होऊ शकतो, त्यामुळे हे रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच करावे. गर्भपाताच्या गोळ्या घरी घेऊन हे प्रकरण मिटत नाही. काढलेला भाग पॅथॉलॉजीकडे पाठवला गेला का, हे नातेवाइकांनी आवर्जून विचारावे.

खरी चूक होते ती यानंतर. समजा, लांज्याजवळच्या एका गावातल्या बाईची पिशवी रत्नागिरीत रिकामी केली. आधी आकडा १,८०,००० होता. पुढच्या आठवड्यांत तो ९,२००, मग १,१००, मग २४० झाला. रक्त जायचे थांबले, तब्येत सुधारली, ती विश्रांतीला माहेरी गेली. पुढचे तीन आठवडे तिने तपासणी केलीच नाही. केली असती, तर २५१, २३६, २४५ असे आकडे आले असते. आकडा उतरायचा थांबला, याचा अर्थ वारेच्या पेशी कुठेतरी जिवंत आहेत. चार आकडे असे तीन आठवडे एकाच पातळीवर राहिले, किंवा लागोपाठ दोन आठवडे चढले, तर त्याला कर्करोगाच्या वाटेवरची अवस्था समजून उपचार करतात. पूर्ण द्राक्षगर्भानंतर साधारण शंभरातल्या पंधरा ते वीस जणींना हे होते. अपूर्ण प्रकारात फार कमी जणींना. बाहेरून त्रास काहीच नसतो, सांगतो तो आकडाच. दुर्लक्ष झाले तर या पेशी फुप्फुसापर्यंत पोहोचतात.

म्हणून आकडा सामान्य, म्हणजे साधारण ५ च्या खाली येईपर्यंत दर आठवड्याला तपासणी करावी. त्यानंतर महिन्याला एक. अपूर्ण द्राक्षगर्भात एक महिना, पूर्ण प्रकारात निदान तीन महिने. काही डॉक्टर सहा महिनेही सांगतात. लघवीची पट्टी यासाठी चालत नाही, कारण ती आकडा दाखवत नाही. प्रत्येक प्रयोगशाळेची मोजणी थोडी वेगळी असते, तेव्हा शक्यतो एकाच ठिकाणी रक्त द्यावे. माहेरी किंवा नवऱ्याकडे मुंबईला जायचे असेल, तर सगळे रिपोर्ट आणि पुढची तारीख बरोबर न्यावी.

या काळात दिवस जाऊ देऊ नयेत. नव्या गर्भामुळेही आकडा चढतो आणि मग कारण ओळखता येत नाही. गर्भनिरोधक गोळ्या किंवा निरोध चालतो; तांबी मात्र आकडा सामान्य होईपर्यंत बसवू नये.

आकडा अडकलाच, तरी मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाने सुरुवातीच्या अवस्थेतील जवळपास सर्वच बायका बऱ्या होतात आणि बहुतेकींची पिशवी शाबूत राहते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात हे उपचार होतात. पुन्हा द्राक्षगर्भ होण्याची शक्यता शंभरात एक-दोन इतकीच असते. पुढच्या खेपेला दिवस गेल्यावर लवकर सोनोग्राफी करून घ्यावी, आणि पूर्वी काय झाले होते ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे.