कोयना म्हणजे नक्की कुठली?

शोधखिडकीत नुसतं ‘कोयना’ टाइप करा. नदी येते, धरण येतं, 1967चा भूकंप येतो, मुंबई-कोल्हापूर गाडी येते, अभयारण्यही येतं. सगळं एकाच लांबलचक यादीत, एकमेकांत मिसळून. आता डावीकडे एक छोटी पट्टी असती आणि तिच्यात ‘धरणाचे दरवाजे’, ‘भूकंप’, ‘कोयना एक्स्प्रेस’ असे मथळे असते तर? अशा पट्ट्या खरोखर होत्या. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी काढलेल्या व्हिव्हिसिमो या कंपनीने 2004 साली ‘क्लस्टी’ नावाचं शोधयंत्र नेमकं याच कामासाठी सुरू केलं होतं.

गंमत अशी, की गट पाडणाऱ्या यंत्राला धरण म्हणजे काय हे ठाऊक नसतं. त्याच्यासाठी आधीपासून कोणी विषयांची यादीही करून ठेवलेली नसते. मग ‘भूकंप’ हे नाव येतं कुठून?

याचं मला सर्वांत देखणं वाटणारं उत्तर ओरेन झमीर आणि ओरेन एत्झिओनी यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात 1998 साली दिलं. तोवरची सरळ वाट अशी होती, की सारखे शब्द असलेल्या मजकुरांचे आधी ढीग करायचे आणि मग प्रत्येक ढिगाला नाव शोधत बसायचं. ढीग बरे जमत, पण नावाच्या जागी पाच-सहा सुटे शब्द उरत. या दोघांनी क्रमच उलटा केला. निकालांमध्ये पुन्हापुन्हा येणारे शब्दसमूह आधी शोधायचे. ज्या निकालांत तो समूह आहे ते सगळे त्याचे सभासद, आणि तो समूह हेच गटाचं नाव. शिवाय यासाठी अख्खी पानं वाचावी लागत नाहीत. यादीत दिसतो तो मथळा आणि खालच्या दोन ओळी पुरतात.

कागदावर करून बघू. समजा, आठ निकाल आहेत. ‘कोयना’ हा शब्द आठहीत आहे, म्हणून तो वेगळं काहीच सांगत नाही. एकटा असेल तर त्याला शून्य गुण. ‘कोयना धरण’ आढळतं 1, 2, 3 आणि 6 या निकालांत. ‘धरणाचे दरवाजे’ 1, 2, 3 मध्ये. ‘भूकंप’ 4, 5, 6 मध्ये. ‘कोयना एक्स्प्रेस’ 7 आणि 8 मध्ये. आता नियम असा: दोन गटांतले सामाईक निकाल दोन्ही गटांच्या निम्म्याहून जास्त असतील तरच ते एकत्र करायचे. पहिल्या दोन गटांत तीन निकाल सामाईक आहेत, म्हणजे एकाचे चारांपैकी तीन आणि दुसऱ्याचे तिन्ही. झाले एक. धरण आणि भूकंप यांच्यात मात्र फक्त सहावा सामाईक आहे, म्हणून ते वेगळेच राहतात.

आता त्या सहाव्याकडे जरा थांबून बघा. धरणातल्या पाणीसाठ्याचा आणि भूकंपाचा संबंध सांगणारा तो लेख आहे, आणि तो दोन्ही गटांत बसला आहे. ग्रंथालयात पुस्तक एकाच फळीवर ठेवावं लागतं. इथे ती सक्ती नाही. कोयनेच्या भूगर्भशास्त्रातला सगळ्यात रंजक प्रश्न यंत्राने काहीही न समजता दोन मथळ्यांच्या मधोमध आणून ठेवला!

मराठीत मात्र हे गणित सहज फिसकटतं. धरणाचा, धरणातून, धरणाला, कोयनेचं: प्रत्यय न सोलता मोजलं तर यंत्राला हे सगळे वेगळे शब्द वाटतात आणि एका गटाचे चार तुकडे होतात. प्रत्यय सोलले तर जुळणी होते, पण ‘धरण दरवाजा’ असं बोबडं नाव मथळ्यावर झळकतं. म्हणून मोजणी सोललेल्या रूपावर करायची आणि मथळ्याला मूळ मजकुरातलं रूप वापरायचं. दुसरा धोका साखळीचा: अ ब-शी जुळला, ब क-शी जुळला, म्हणून अ आणि क एकमेकांशी काडीचा संबंध नसताना एका गटात येतात. आणि सर्वांत विनोदी म्हणजे ‘अधिक वाचा’ नावाचा भला मोठा गट. तो शब्दसमूह प्रत्येक बातमीखाली असतो, यंत्र बिचारं इमानाने मोजतं.

व्हिव्हिसिमो 2012 साली आयबीएमने विकत घेतली. पोलंडमधल्या पोझनान इथल्या संशोधकांचं ‘कॅरट-टू’ मात्र मुक्त स्रोत आहे. त्यातली ‘लिंगो’ पद्धतही नाव आधी, गट नंतर याच तत्त्वावर चालते. असं काही वापरायला मिळालं तर आकर्षक मथळ्यांवर जाऊ नका. कुठेच न बसलेले निकाल ‘इतर’ या गटात टाकलेले असतात, तो आधी उघडा. निम्मी यादी तिथेच पडलेली दिसली, तर बाकीच्या मथळ्यांवर फार विसंबू नका.