दुपटे आणि खुब्याचा सांधा

नवजात बालकाचे पाय ओढून सरळ केले नाहीत आणि गुडघ्यास गुडघा जुळवून ते दुपट्यात घोट्यापर्यंत आवळून ठेवले नाहीत, तर मूल पुढे वाकड्या पायांचे निपजते, ही समजूत आपल्याकडील बाळंतिणीच्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या प्रमाण मानली गेली आहे. ती सांगणाऱ्या आजीच्या मायेविषयी शंका घेण्याचे काहीच कारण नाही. परंतु ज्या वाकलेपणाला भिऊन हे बंधन घातले जाते तो विकार नव्हे. गर्भाशयाच्या अपुऱ्या जागेत पाय पोटाशी घेऊन वाढलेल्या जिवाची ती स्वाभाविक स्थिती होय. खुबा आणि गुडघा यांतील आखडलेपण काही महिन्यांत आपोआप सैल होते, नडग्यांचा बाकही बहुधा दुसऱ्या वर्षाच्या सुमारास निघून जातो, आणि या दोन्ही गोष्टींत कापडाचा हातभार मुळीच नसतो.

हानी मात्र होऊ शकते, आणि ती कशी होते हे समजण्यासाठी खुब्याची रचना ध्यानात घेतली पाहिजे. हा उखळीचा सांधा आहे. पण जन्मतः ही उखळी उथळ आणि बव्हंशी कूर्चेची असते, आणि मांडीच्या हाडाचा गोल माथा तिच्या मध्यभागी टेकून राहिला तरच तिला योग्य खोली व आकार येतो. गुडघे दुमडून मांड्या बाहेर फाकलेल्या असताना माथा नेमका तेथे बसतो. त्याच मांड्या सक्तीने सरळ करून जवळ बांधल्या की आखूड स्नायूंवर ताण पडतो, तो ताण माथ्याला उखळीच्या काठाकडे रेटतो, आणि पहिल्या काही आठवड्यांत सांध्याचे बंध सैल असल्यामुळे त्याला तेथे अडवणारे फारसे काही नसते.

यावर असा आक्षेप घेतला जातो, की खुबा निखळणे हा जन्मजात दोष आहे, तेव्हा दुपट्यावर त्याचा दोष का ठेवावा? घराण्यात हा विकार असणे, मूल मुलगी असणे, पहिलटकरणीचे असणे किंवा गर्भात पायाळू असणे, ही कारणे खरीच आहेत. परंतु ज्या सांध्यांची ठेवण जन्मतः किंचित डळमळीत असते, त्यांतील बहुतेक मोकळे राहिल्यास पहिल्या काही आठवड्यांत स्वतःच स्थिर होतात. याचा सर्वांत मोठा दाखला जपानचा आहे. तेथे अर्भकांचे खुबे व गुडघे सरळ राहतील अशा रीतीने कापडात ठेवण्याची चाल होती आणि हजार मुलांमागे सुमारे ११ ते ३५ जणांचे खुबे निखळलेले आढळत. १९७५ साली, पाय सरळ करून बांधू नका, हे घरोघरी, विशेषतः आज्यांना, समजावून सांगण्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली, आणि पुढे हे प्रमाण हजारी दोनच्याही खाली आले. लोक तेच, त्यांचे रक्तही तेच. पालटली ती अर्भकांना गुंडाळण्याची तऱ्हा.

म्हणून दुपटेच वर्ज्य करावे असेही नाही. कापडाचा चौकोन अंथरून त्याचे वरचे टोक आत दुमडावे, त्या घडीवर बाळाचे खांदे येतील असे त्यास उताणे ठेवावे, एक बाजू छातीवरून नेऊन पाठीखाली खोचावी आणि मग दुसरी आणावी. छाती व कापड यांत दोन-तीन बोटे सहज शिरली पाहिजेत आणि कापड मानेच्या वर येता कामा नये. खालचे टोक पायांवरून ताणून न घेता सैल दुमडून बाजूस सारावे, म्हणजे खाली ऐसपैस झोळ राहतो. बांधणी बरोबर झाली की नाही याची परीक्षा एवढीच, की बाळ झोळात गुडघे वर घेते, बाहेर फाकते आणि लाथा मारते. पाय दोन काठ्यांसारखे सरळ दिसले तर कापड सोडून पुन्हा बांधावे. गुंडाळलेल्या बाळाला उताणेच निजवावे, आणि ते कुशीवर वळू पाहते असे दिसताच गुंडाळण्याची मुदत संपली असे समजावे. काही मुलांत हे दुसऱ्या महिन्यानंतर लगेच दिसू लागते.

अखेरचा आणि मला सर्वांत घातक वाटणारा गैरसमज असा, की सांधा निखळला असता तर मूल रडले असते. निखळलेला खुबा अर्भकाला बहुधा दुखत नाही, म्हणूनच तो चालताना लंगडेपण दिसेपर्यंत दडून राहतो. लंगोट बदलताना एक मांडी दुसरीइतकी बाहेर न फाकणे, उताणे निजवून गुडघे दुमडले असता एक गुडघा खाली दिसणे, ही लक्षणे आईच्याच नजरेस प्रथम पडतात. मांडीवरच्या असमान वळ्या मात्र निरोगी मुलांतही पुष्कळदा आढळतात. पायाळू मुलाची, किंवा ज्याच्या आईबापांस वा भावंडांस हा विकार होता त्याची, लक्षणे नसली तरी सुमारे सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी करून घ्यावी. क्ष-किरणाचे चित्र त्या वयात भरवशाचे नसते, कारण मांडीच्या हाडाचा कूर्चामय माथा त्यात उमटत नाही. सहा महिन्यांच्या आत दोष कळला तर बहुधा शस्त्रक्रियेवाचून, मांड्या दुमडून फाकलेल्या ठेवणाऱ्या पट्ट्यांनीच सांधा जागेवर बसवता येतो. हे पट्टे अस्थितज्ज्ञाने बांधावयाचे असतात, आणि घरी जाड लंगोट दुहेरी घालणे हा त्यांना पर्याय नव्हे.