हिरवं कधी, शांत कुणासाठी?

‘कुठेतरी शांत, हिरवं जाऊ या’ असं घरात कुणी म्हटलं की लगेच ठिकाणांची नावं सुरू होतात. खरं तर आधी महिना ठरवायला हवा. भंडारदऱ्याचे डोंगर सप्टेंबरात डोळे निववतात, फेब्रुवारीत तेच पिवळे पडलेले असतात, कारण तिथली बरीचशी हिरवाई गवताची. आंबोलीचं सदाहरित जंगल किंवा कोकण किनाऱ्यावरच्या शिंपणं मिळणाऱ्या नारळी-पोफळीच्या वाड्या मात्र उन्हाळ्यातही हिरव्याच राहतात. म्हणून फोटो पाहताना तो कोणत्या महिन्यातला आहे, हे आधी बघावं.

‘शांत’चा अर्थ घरातल्या प्रत्येकाला वेगळा विचारावा. कुणाला हॉर्न नको असतात, कुणाला माणसंच नको असतात, तर कुणाला फक्त सकाळी उठायची घाई नको असते.

समजा, पुण्यातलं एक कुटुंब आहे. गुडघेदुखीची आजी, सहा वर्षांची नात, सप्टेंबरचा शेवट, तीन दिवस, स्वतःची गाडी आणि एका बाजूने फार तर पाच तासांचा प्रवास. आजीला आवाज नकोत, आईला स्वयंपाकातून सुटका हवी. आंबोली साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाण्या-येण्यातच दोन दिवस संपतील, ती गळते. लोणावळा जवळ आणि हिरवागार, पण शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी तिथेच लोटते. माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे हॉर्नचा प्रश्नच मिटतो, पण गाडी दस्तुरी नाक्यावर ठेवावी लागते. पुढे मुक्कामापर्यंत आजीला कसं न्यायचं आणि चिखलाच्या वाटांवर तिने किती चालायचं? मनाविरुद्ध तेही खोडावं लागतं.

उरतात भंडारदरा, महाबळेश्वरखालचं तापोळा आणि दापोलीजवळचा किनारा. तीन नावं पुरेत; यादी याहून लांबली की घरात पुन्हा वाद सुरू होतात. तापोळ्याला कोयनेच्या जलाशयाकाठी खऱ्या अर्थाने निवांतपणा मिळतो, पण शेवटचा रस्ता वळणावळणाचा आहे, नातीला गाडी लागत असेल तर विचार करावा. दापोली पाच तासांच्या अगदी काठावर आहे आणि घाटात दरड आली तर ते गणितही बिघडेल. भंडारदऱ्याला धरण आणि डोंगर गाडीतूनही दिसतात, मात्र शनिवारी तिथेही वर्दळ असते. म्हणून माझ्या मते या कुटुंबाने भंडारदरा पहिला धरावा, पण मंगळवार ते गुरुवार. रजा मिळत नसेल तर तापोळा वर सरकतं.

त्यानंतर मुक्कामाच्या जागी फोन करावा. ‘शांत आहे का?’ असं विचारलं तर उत्तर नेहमीच ‘हो’ येतं. त्याऐवजी विचारावं: रात्री स्पीकर किती वाजता बंद होतात? त्या दिवशी मोठा ग्रुप आहे का? गाडीपासून खोलीपर्यंत पायऱ्या किती? जेवण तिथेच मिळतं का? पायऱ्यांचा आकडा लगेच सांगणारा माणूस सापडला, तर तिथलं बुकिंग करायला हरकत नाही.