भाव रोज हलतो, खाद्य हलत नाही

अंड्याचा घाऊक भाव शंभर नगांवर सांगतात आणि तो रोज नव्याने जाहीर होतो. काल 540 असलेला भाव आज 525 होतो आणि चार दिवसांनी 550 वर जातो. शेडमधल्या कोंबडीला यातलं काही कळत नाही. ती रोज साधारण 110 ग्रॅम खाद्य खाते. मका सुगीत घेऊन गोदामात भरलेला असेल, तर त्या खाद्याचा किलोचा दर दोन-तीन महिने फारसा बदलत नाही. एक बाजू रोज हलणारी आणि दुसरी जवळपास स्थिर असताना फार्मवाल्याने आपलं अंडं कितीला विकायचं, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही.

आधी हा भाव ठरतो कसा, ते पाहू. 1982 साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजेच ‘एनईसीसी’, उभी राहिली. तोवर भाव व्यापारी ठरवत आणि उत्पादकाला तो मुकाट्याने घ्यावा लागे. आता ही समिती नामक्कल, हैदराबादसारखी उत्पादन केंद्रं आणि मुंबई, पुण्यासारखी खपाची केंद्रं यांचे भाव रोज जाहीर करते. मात्र हा भाव सुचवलेला असतो, बंधनकारक नसतो. प्रत्यक्ष सौद्यात व्यापारी त्यातून काही पैसे वजा करतो. अंडी जास्त साठली की ही वजावट वाढते. म्हणून फार्मवाल्याने हिशेब धरायचा तो जाहीर भावावर नाही, हातात पडणाऱ्या भावावर.

आता दहा हजार कोंबड्यांचा एक फार्म समजा. आकडे उदाहरणापुरते आहेत, प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. खाद्य 28 रुपये किलो धरलं, तर 110 ग्रॅमचे 3 रुपये 8 पैसे होतात. हा एका कोंबडीचा रोजचा खाद्यखर्च. मजुरी, वीज, औषधं, ट्रे यांचे आणखी 35 पैसे धरले, तर रोजचा चालू खर्च 3 रुपये 43 पैसे झाला. शंभर कोंबड्या रोज 88 अंडी देत असतील, तर हाच खर्च अंड्यामागे सुमारे 3 रुपये 90 पैसे पडतो.

यात एक खर्च अजून आलेला नाही, तो म्हणजे कोंबडी स्वतः. पिल्लू आणून ते अंड्यावर येईपर्यंत वाढवायला समजा 320 रुपये लागले आणि शेवटी ती मांसासाठी 90 रुपयांना गेली. मधले 230 रुपये तिने आयुष्यात दिलेल्या सुमारे 330 अंड्यांवर वाटले, की अंड्यामागे 70 पैसे येतात. म्हणजे पूर्ण खर्च 4 रुपये 60 पैसे.

या दोन आकड्यांची कामं वेगळी आहेत. 4.60 हा वर्षाचा आकडा आहे. वर्षभराचा सरासरी भाव याच्या वर राहिला, तरच धंदा टिकतो. 3.90 हा आजचा आकडा आहे. समजा जाहीर भाव 4.30 वर आला आणि पंचवीस पैसे वजा होऊन हातात 4.05 पडले. पूर्ण खर्च धरला तर हा तोटाच आहे. पण पिल्लाचे पैसे केव्हाच खर्च झालेले आहेत आणि कोंबडी आज खाणारच आहे. 4.05 मध्ये आजचा खर्च निघतो आणि थोडे पैसे उरतातही, त्यामुळे या भावाला विकणं चुकीचं नाही. भाव चढण्याची वाट पाहत अंडी अडवून ठेवावीत, तर उन्हाळ्यात साध्या खोलीत ती आठवड्यातच उतरू लागतात. शीतगृहात टिकतात, पण त्याचं भाडं पडतं. शिवाय बाहेर काढल्यावर अंड्यांना घाम सुटतो, मग ती लगेच खपवावी लागतात.

खरी मेख पुढे आहे. खाद्याचा दर स्थिर राहिला, म्हणून अंड्यामागचा खाद्यखर्च स्थिर राहतो असं नाही. लॉट जुना झाला की कोंबडी तेवढंच खाते, पण अंडी कमी देते. उत्पादन 75 टक्क्यांवर आलं, की त्याच 28 रुपये किलोच्या खाद्याचा खर्च अंड्यामागे साडेतीन रुपयांवरून 4 रुपये 11 पैशांवर जातो. गोदामातल्या पावत्यांत ही वाढ दिसत नाही, ती रोजच्या अंड्यांच्या नोंदीत दिसते.

म्हणून एक सोपा भागाकार रोज करावा. कोंबडीमागचा चालू खर्च भागिले हातात पडणारा भाव. 3.43 ला 5.15 ने भागलं, की साधारण 67 टक्के येतात. त्या भावाला 75 टक्क्यांचा लॉट आरामात पोसता येतो. भाव 4.05 झाला, की उंबरठा 85 टक्क्यांवर चढतो आणि तोच लॉट कोंबडीमागे रोज 39 पैसे खाऊ लागतो. दहा हजारांच्या शेडला हे रोजचे 3,900 रुपये होतात.

मग तो लॉट लगेच काढावा का? इथे श्रावण आडवा येतो. अंड्याचा खप घटतो तेव्हाच मांसाचाही घटतो, त्यामुळे जुन्या कोंबडीचा भावही पडलेला असतो. महिनाभर थांबण्याचा खर्च 39 पैशांप्रमाणे कोंबडीमागे सुमारे 12 रुपये. महिन्याने कोंबडीला त्याहून जास्त वाढीव भाव मिळण्याची खात्री असेल तर थांबावं, नसेल तर काढावा. याहून बरं म्हणजे उतरतीला लागलेला लॉट श्रावणाआधीच विकणं. उत्तरेत श्रावण आपल्यापेक्षा पंधरवडाभर आधी लागतो, त्यामुळे मागणीतली ढिलाई आपल्या पंचांगाच्या आधी सुरू होऊ शकते.

रोजच्या हेलकाव्यातून काही माल बाहेर काढण्याचा मार्गही आहे. खाणावळी, वसतिगृहं, बेकऱ्या यांना महिन्याचा ठरलेला भाव आवडतो. पण सरळ पाच रुपये ठरवले, तर बाजार सहावर गेल्यावर गिऱ्हाईक जास्त माल मागतं आणि साडेचारवर आल्यावर दुसरीकडे वळतं. त्यापेक्षा खालची आणि वरची हद्द ठरवावी. भाव बाजाराप्रमाणेच, पण 4.60 च्या खाली नाही आणि 5.60 च्या वर नाही. रोजचे नग ठरलेले असावेत. भाव गाडी भरतानाच्या दिवसाचा की उतरवतानाचा, तेही आधीच लिहून घ्यावं, कारण भांडणं बहुतेक तिथेच होतात. असा करार उत्पादनाच्या पाचव्या हिश्शापुरता केला, तरी पडत्या महिन्यांत मजुरी आणि वीजबिल सुटतं.

हा सारा हिशेब खाद्य स्थिर आहे तोवरचा. 2021 मध्ये सोयापेंड इतकी महागली, की सरकारला ऑगस्टमध्ये 12 लाख टन आयातीला परवानगी द्यावी लागली. अशा वेळी 3.08 हा आकडाच बदलतो आणि हद्दी नव्याने ठरवाव्या लागतात. म्हणून करार खाद्याच्या साठ्यापेक्षा लांब मुदतीचा करू नये. दोन महिन्यांचा मका असेल, तर करारही दोन महिन्यांचाच.

बाजारभावावर फार्मवाल्याचा ताबा नाही, पण पिल्लं कधी आणायची हे त्याच्या हातात आहे. एप्रिलच्या मध्यात आलेलं पिल्लू ऑक्टोबरअखेर भर उत्पादनावर येतं, नेमकं थंडीची मागणी वाढते तेव्हा. अर्थात हा हिशेब शेजाऱ्यालाही येतो. सगळ्यांनीच एप्रिलमध्ये पिल्लं भरली, तर थंडीतही अंडी उतू जातात. त्यामुळे सगळी शेडं एकाच वेळी न भरता, वयाने पुढेमागे असलेले दोन-तीन लॉट ठेवणं बरं. पडत्या भावात निदान एक तरी लॉट 85 च्या वर असतो, आणि कोणता आधी काढायचा हे ठरवायला जागा राहते.