टेकलेला पाय धूसर का दिसतो?

व्हिडिओ गेममधलं पात्र चालत असतं. त्याचं धड रेखीव दिसतं, पण जमिनीवर घट्ट टेकलेला पाय मात्र ओलं चित्र बोटाने फरफटवल्यासारखा पसरलेला असतो. हात हलला की मागे त्याच हाताच्या फिकट छटा रेंगाळतात. खेळणारे मॉनिटरला दोष देतात, पण पुष्कळदा मॉनिटर बिचारा निर्दोष असतो. गेमच्या इंजिनाला एक माहिती मिळालेली नसते.

पडद्यावरच्या तिरप्या कडा दातेरी दिसतात. त्या गुळगुळीत करायला आजचे बरेच गेम टेम्पोरल अँटी-एलियासिंग, म्हणजे टीएए वापरतात. दर फ्रेमला चित्र पिक्सेलच्या अंशाएवढं सरकवून काढायचं आणि आधीच्या फ्रेम्सच्या साठलेल्या चित्रात मिसळायचं. नव्या फ्रेमचा वाटा 10 टक्के किंवा त्याहूनही कमी, बाकी सगळं जुनं. सगळं स्थिर असेल तर कडा सुंदर येतात. काही हलत असेल तर मात्र ‘या पिक्सेलवरचा बिंदू मागच्या फ्रेममध्ये कुठे होता?’ हे इंजिनाला कळायलाच हवं. त्याचं उत्तर मोशन व्हेक्टर देतो.

कॅमेरा फिरला तर पिक्सेलची खोली माहीत असते, त्यावरून उत्तर निघतं. पेटी घरंगळली तर तिची मागची आणि आताची जागा पुरते. माणसाच्या आकृतीत हे गणित फसतं. तिच्या पृष्ठभागावरचे हजारो बिंदू आतल्या हाडांच्या सांगाड्याला बांधलेले असतात आणि प्रत्येक हाड आपापलं हलतं. त्या हाडांची मागच्या फ्रेममधली स्थिती इंजिनाने जपली नसेल, तर अख्खं शरीर एका पेटीसारखं सरकलं असंच ते धरून चालतं.

आता त्या पायाचा हिशेब मांडू. शरीर दर फ्रेमला 5 पिक्सेल उजवीकडे सरकतंय. टेकलेला पाय जागचा हललेला नाही, त्याची खरी गती शून्य. इंजिन मात्र त्यालाही 5 देतं, आणि त्याचा जुना रंग 5 पिक्सेल डावीकडून उचलतं. टाचेच्या कडेला तिथे जमीन असते, म्हणून टाचेत माती मिसळते. त्याच वेळी उचललेला पाय 10 पिक्सेल पुढे गेलेला असतो, त्यालाही 5च मिळतात. एका पायाला जास्त, दुसऱ्याला कमी. बरोबर फक्त धडाचं. म्हणूनच मला हा दोष फार फसवा वाटतो: व्हेक्टर पूर्ण गायब असता तर लगेच लक्षात आलं असतं, इथे तो असतो पण चुकीचा.

चुकून आलेला रंग लवकर जातही नाही. दर फ्रेमला 90 टक्के जुनं टिकत असेल, तर 7 फ्रेम्सनंतरही जवळपास निम्मा रंग उरतो. दहा टक्क्यांच्या खाली जायला 22 फ्रेम्स लागतात, म्हणजे सेकंदाला 60 फ्रेम्सच्या वेगाने एक तृतीयांश सेकंदाहून जास्त.

यावर एक पहारा असतो. ब्रायन कॅरिस यांनी 2014 च्या सिग्राफ परिषदेत अनरिअल इंजिन 4 ची जी पद्धत मांडली, तीत जुना रंग आजूबाजूच्या 3 गुणिले 3 पिक्सेलच्या रंगांशी ताडून पाहिला जातो आणि त्यांच्या मर्यादेबाहेरचा असेल तर आत ओढला जातो. स्वच्छ निळ्या आभाळापुढे हात हलला तर तपकिरी छटा तिथल्या तिथे पुसली जाते. मागे गवत, पाचोळा, ऊनसावली असेल तर त्या नऊ पिक्सेलमध्येच इतके रंग असतात की हाताचा जुना रंग त्यांत सहज खपतो. रिकाम्या खोलीत तपासलेलं पात्र निर्दोष ठरतं आणि तेच जंगलात गेलं की छटा सोडत चालतं, ते यामुळे.

दोष ओळखायचा तर आधी टीएए बंद करून पाहावा. छटा नाहीशा झाल्या, तर मोशन व्हेक्टर रंगांत दाखवणारं दृश्य उघडावं. पात्र जागेवर उभं राहून हात हलवतंय आणि हाताचा रंग मागच्या स्थिर भिंतीसारखाच आहे, तर चोर सापडला.

उपाय समजायला सोपा आहे. प्रत्येक बिंदूची जागा दोनदा काढायची, एकदा आताच्या हाडांवरून आणि एकदा मागच्या फ्रेमच्या. युनिटीमध्ये त्यासाठी `skinnedMotionVectors` ही सोय आहे. मोबदल्यात ग्राफिक्स कार्डाची थोडी जास्त मेमरी जाते. वाऱ्यावर डोलणाऱ्या गवताला हाडं नसतात, त्याची लहर शेडरमधल्या सूत्रातून येते. तिथे तेच सूत्र आधीच्या फ्रेमची वेळ घालून पुन्हा चालवावं लागतं, आणि शेडर स्वतः लिहिणाऱ्यांकडून नेमकी हीच ओळ राहून जाते.

एवढं करूनही हाताने नुकत्याच मोकळ्या केलेल्या भिंतीचा प्रश्न उरतो. तिचा व्हेक्टर शून्य आहे आणि तो खराही आहे, पण मागच्या फ्रेममध्ये त्या जागी हात होता. तिथे जुना रंग टाकूनच द्यावा लागतो. मागच्या फ्रेमचा व्हेक्टर बरोबर असेल, तर ‘इथे काल काहीतरी वेगळं हलत होतं’ हे त्यावरून इंजिनाला कळू शकतं.