माती परीक्षणाचा अहवाल: सामू आणि सेंद्रिय कर्ब एकत्र वाचा

भिलाईच्या मरोद्यात राहणाऱ्या आणि दुर्गकडे शेती असणाऱ्यांच्या हाती मृदा आरोग्य पत्रिका येते. त्यावर बारा आकडे असतात. आज त्यातले दोनच पाहू.

समजा, बांध घातलेल्या मटासी जमिनीचा अहवाल आहे. सामू 5.6 आणि सेंद्रिय कर्ब 0.38 टक्के.

आधी कर्ब. 0.50 टक्क्यांच्या खाली म्हणजे कमी, 0.75 पर्यंत मध्यम, त्यावर भरपूर. कर्ब कमी म्हणजे जमीन स्वतःहून नत्र कमी देणार. अशा वेळी शिफारशीपेक्षा साधारण 25 टक्के नत्र जास्त धरतात. धानाची शिफारस हेक्टरी 100 किलो नत्र धरली, तर 125 किलो द्यायचे. युरियात 46 टक्के नत्र असते, म्हणून 272 किलो युरिया लागेल. मात्र 60 किलो स्फुरदासाठी 130 किलो डीएपी टाकले, तर त्यातूनच सुमारे 23 किलो नत्र मिळते. तेव्हा युरिया 50 किलोने कमी करा. हा हिशेब हेक्टरचा आहे. एकरासाठी अडीचने भागा.

इथे एक चूक हमखास होते. अहवालात 'उपलब्ध नत्र' वेगळे लिहिलेले असते आणि तेही 'कमी' दाखवते. कर्ब आणि नत्र दोन्ही एकाच उणिवेकडे बोट दाखवतात, म्हणून वाढ दोनदा करू नका.

आता सामू. 5.6 म्हणजे जमीन आम्ल. अशा मातीत स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियमशी बांधला जातो, टाकूनही पिकाला पुरेसा मिळत नाही. पण धानाच्या बांधीत पाणी साचले की काही आठवड्यांत सामू आपोआप सातच्या जवळ येतो. त्यामुळे केवळ धानासाठी चुन्याची घाई नको. पाणी ओसरले की सामू पुन्हा खाली येतो आणि मागून पेरलेल्या हरभऱ्याला त्रास होतो. चुना द्यायचा तो त्याच्यासाठी. किती द्यायचा, हे नुसत्या सामूवरून ठरत नाही; प्रयोगशाळेकडून चुन्याची गरज काढून घ्या. चुना आणि युरिया एकत्र टाकू नका, अमोनिया उडून जातो. अशा जमिनीत अमोनियम सल्फेट वर्षानुवर्षे दिले तर आम्लता वाढते.

शेजारच्याच कन्हार जमिनीचा सामू 8 आला, तर सल्ला उलटा. तिथे चुना नको, जस्ताचा आकडा पाहा. तो 0.6 पीपीएमच्या खाली असेल तर झिंक सल्फेट द्या. युरिया वरच्या वर न फेकता मातीत मिसळा.

म्हणून मटासी आणि कन्हारचे नमुने एकत्र करू नका. 5.6 आणि 8 मिसळून अहवालात सातच्या आसपास आकडा येईल, आणि तो तुमच्या कोणत्याच बांधीचा नसेल.