दहा हजार प्रयोग, एक रेघ

सरळ, गोल आणि आतून गुळगुळीत पाइपमधून पाणी वाहताना दर मीटरला दाब थोडा थोडा घटत जातो. ही मीटरमागची घट (G म्हणू) चार गोष्टींवर ठरते: पाइपचा आतला व्यास D, वेग V, द्रवाची घनता ρ आणि चिकटपणा μ. प्रत्येकीची दहा मूल्यं घेऊन मोजायला बसलं तर दहा हजार प्रयोग होतात. त्यातही, घनता तीच आणि चिकटपणा तेवढा वेगळा असे दहा द्रव आणायचे कुठून?

सुटका मितींमधून होते. या पाचही राशी वस्तुमान M, लांबी L आणि काळ T यांतूनच बनतात. पाचातून तीन गेले की दोन मितिहीन गट उरतात. एडगर बकिंगहॅम यांच्या १९१४ च्या निबंधामुळे हा नियम रूढ झाला.

गट बांधायला तीन राशी पुन्हा पुन्हा वापरायच्या. आपण D, V, ρ घेऊ. G ची मिती M L⁻² T⁻². तिला Dᵃ Vᵇ ρᶜ ने गुणलं की सगळे घात शून्य व्हायला हवेत. वस्तुमान फक्त ρ मध्ये आहे, म्हणून c = −1. काळ फक्त V मध्ये, म्हणून b = −2. लांबीचा हिशेब −2 + a + b − 3c = 0, त्यातून a = 1. पहिला गट झाला GD/ρV². μ ला हेच केलं की μ/ρVD मिळतो. तो उलटा केला की झाला रेनॉल्ड्स अंक.

आता प्रयोगात फक्त वेग बदलला तरी पुरतं. सगळे बिंदू एकाच रेघेवर येतात. २५ मिलिमीटर पाइपमध्ये पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने सोडलं, तर रेनॉल्ड्स अंक सुमारे ५०,००० येतो आणि घट मीटरला साधारण १,७०० पास्कल. त्याच पाइपमधून हवा ३० मीटर वेगाने सोडली, तर रेनॉल्ड्स अंक तोच, घट मात्र सुमारे ४६० पास्कल. दोन्हीकडे पहिला गट ०.०१०६ च्या आसपासच भरतो!

निवड चुकली की घोटाळा होतो. G लाच पुन्हा वापरायच्या राशींत घेतलं, तर जे शोधायचं तेच दोन्ही गटांत जाऊन बसतं. व्यास आणि पाइपची लांबी दोन्ही घेतल्या, तर दोघींची मिती एकच असल्याने काळ किंवा वस्तुमान यांपैकी एकाचा हिशेब लागत नाही.

एखादी राशी मुळातच विसरली तर मात्र गणित बिनतक्रार सुटतं. चूक कळते ती आलेखावर. जुन्या, गंजलेल्या पाइपचे बिंदू रेघेच्या वर पसरतात, कारण खडबडीतपणा ε यादीत नव्हता. तो घेतला की ε/D हा तिसरा गट येतो आणि एका रेघेच्या जागी रेघांचा पंखा उलगडतो.